फोटोतला हात आणि पसारा काढायची सूचना कशी लिहावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरून लोणची, मसाले, पितळेची भांडी किंवा हातकाम विकणाऱ्या ओळखीच्या मंडळींचे फोटो मी नीट करून देते. जवळजवळ प्रत्येक फोटो सारखाच असतो: एका हातात फोन, दुसऱ्या हातात वस्तू, मागे ओटा. आता लिहिलेली सूचना वाचून फोटो बदलणारी एआयची साधनं फोनवरच मिळतात. पण सूचना लिहिताना सगळे त्याच त्या ठिकाणी अडकतात, आणि तेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं देताना मी एकच फोटो डोळ्यांसमोर ठेवला आहे, एका काकूंच्या लिंबाच्या गोड लोणच्याच्या बरणीचा.

आधी तो फोटो कसा होता ते सांगाल का?

पाव किलोची काचेची बरणी, सोनेरी पत्र्याचं झाकण, पिवळं कागदी लेबल. काकूंनी ती उजव्या हातात उंच धरलेली. अंगठा पुढून लेबलच्या खालच्या कोपऱ्यावर आलेला, नेमका ‘निव्वळ वजन २५० ग्रॅम’ या ओळीवर. बाकीची चार बोटं बरणीच्या मागे, आणि पाक पातळ असल्यामुळे ती काचेतून दिसतात. मनगटात दोन हिरव्या बांगड्या. मागे ओट्यावर कुकर, पाण्याची निळी बाटली, मिक्सरची काळी वायर आणि एक ओलं फडकं. उजेड डावीकडच्या खिडकीतून, दुपारचा, छान मऊ. म्हणजे फोटो वाईट नव्हता. लोणच्याचा रंग अगदी खरा आला होता, म्हणून तो टाकून द्यावासा वाटेना.

“हात काढा आणि मागचा पसारा काढा” एवढं लिहिलं तर का पुरत नाही?

काकूंनी हेच लिहिलं होतं. साधनाने हात काढला खरा, पण बरणी हवेत तरंगायला लागली, कारण ती कशावर उभी आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. मागच्या बोटांच्या जागी पाकात एक नारिंगी डाग राहिला. बरणी उजवीकडून जराशी बारीक झाली. कुकरचं एक गुळगुळीत काळं भांडं झालं. सगळ्यात वाईट म्हणजे वजनाच्या ओळीत २५० च्या जागी २६० सारखं काहीतरी दिसायला लागलं.

याचं कारण समजून घेतलं की पुढची सगळी सूचना आपोआप सुचते. हातामागे काय आहे ते फोटोत नाहीच. कॅमेऱ्याने ते पाहिलेलंच नाही. त्यामुळे साधन हात ‘उचलून’ खालची गोष्ट दाखवत नाही, ते त्या जागी नवं चित्र काढतं. काय काढायचं हे तुम्ही सांगितलं नाही तर ते आजूबाजूला पाहून अंदाज बांधतं. म्हणून सूचनेत खरं महत्त्व ‘काय काढायचं’ याला कमी आणि ‘त्या जागी काय यायचं’ याला जास्त आहे.

मग सूचना कोणत्या क्रमाने लिहावी?

मी आधी काय राहायचं ते लिहिते, मग काय जायचं, मग त्या जागी काय यायचं, आणि शेवटी उजेड व सावली. क्रम मोडला तरी जगबुडी होत नाही, पण असा क्रम लावला की लिहिताना आपल्याकडून काही सुटत नाही.

आणखी एक सवय लावून घ्या: वस्तूंची नावं जागेसकट लिहा. ‘पसारा’ हा शब्द आपल्याला पुरतो, साधनाला पुरत नाही. पसारा म्हणजे नक्की काय? काकूंच्या फोटोत झाकणाजवळ लोणच्याच्या तेलाचा एक थेंब होता. तो पसारा की वस्तूचा भाग? म्हणून कुकर, बाटली, वायर, फडकं असं एकेक नाव घ्यायचं. आणि ‘उजवा हात’, ‘डावा हात’ असं न म्हणता ‘फोटोच्या उजव्या कडेने आलेला हात’ म्हणायचं. फोटो समोरच्याने काढला असेल तर माणसाचा डावा हात फोटोत उजवीकडून येतो. तिथे गोंधळ व्हायला वेळ लागत नाही.

सगळं एकाच सूचनेत लिहायचं की दोन वेळा?

मी दोन वेळा करते. आधी पसारा, मग हात. मागची भिंत एकदा साफ झाली की हात काढताना भरायची जागा सोपी होते. कुकरची अर्धी कड आणि बोटं यांचा एकत्र अंदाज बांधावा लागत नाही. पहिली सूचना अशी होती:

```
काचेची बरणी, सोनेरी झाकण, पिवळं लेबल आणि बरणी धरलेला
हात जसेच्या तसे ठेवा.
मागचा कुकर, निळी बाटली, काळी वायर आणि ओलं फडकं काढा.
त्या जागी एकसारखी फिकट राखाडी भिंत दाखवा.
उजेड आता आहे तसा डावीकडूनच राहू द्या.
```

हात ठेवा असं मुद्दाम लिहिलं आहे. नाहीतर पहिल्याच फेरीत साधन अर्धवट बोटं खाऊन टाकतं आणि दुसऱ्या फेरीत काय काढायचं हेच सांगता येत नाही.

दोनापेक्षा जास्त फेऱ्या मात्र टाळा. सूचनेवर चालणारी बरीच साधनं दर वेळी सगळं चित्र नव्याने रंगवतात, त्यामुळे पाचव्या फेरीला फोडींच्या सालीवरचे बारीक ठिपके गुळगुळीत होतात आणि लोणचं मेणाचं वाटायला लागतं. एखादी फेरी फसली तर फसलेल्या फोटोवर डागडुजी करू नका. त्याआधीच्या चांगल्या फोटोवर परत जा आणि सूचना बदलून पुन्हा चालवा.

हात काढायची सूचना नक्की कशी लिहिली?

```
बरणी धरलेला हात पूर्ण काढा: लेबलवरचा अंगठा, काचेतून
दिसणारी मागची बोटं, मनगट आणि हिरव्या बांगड्या.
बोटांच्या जागी काचेतून लिंबाच्या फोडी आणि पाक दिसू द्या,
शेजारी दिसतात तसेच.
अंगठ्याखालचा लेबलचा भाग कोरा पिवळा कागद ठेवा.
बरणी फिकट लाकडी फळीवर उभी दाखवा, बुडाखाली उजवीकडे
पडणारी मऊ सावली.
बरणीचा आकार, उंची, कोन, झाकण, लेबलवरची अक्षरं आणि
लोणच्याचा रंग बदलू नका.
```

बांगड्यांचं नाव का घेतलं? कारण आदल्या प्रयत्नात हात गेला आणि बांगड्या राहिल्या. बरणीशेजारी दोन हिरवी वर्तुळं, जणू सजावट म्हणून ठेवलेली. हातासोबत मनगट, बाही, घड्याळ, अंगठी, दोरा जे असेल ते सगळं लिहायचं.

काचेतून दिसणारी बोटं तर हमखास विसरली जातात. आपल्याला ती दिसत नाहीत, कारण आपलं लक्ष लोणच्यावर असतं. फोटो मोठा करून बरणीचा उजवा तिसरा हिस्सा पाहा. पाकात जिथे रंग अचानक मातकट होतो तिथे बोट आहे.

फळीचं वाक्य गाळू नका. हातात धरलेली वस्तू टेकायला काहीतरी लागतं. आणि टेकवताना कोनही पाहा: फोटो समोरून घेतला असेल तर फळी जेमतेम पट्टीसारखी दिसायला हवी. वरून घेतला असेल तर तिचा पृष्ठभाग जास्त दिसेल. काकूंचा फोटो किंचित वरून होता, झाकणाचा माथा लांबट गोल दिसत होता. पहिल्यांदा फळी अगदी समोरून आली आणि बरणी मागे कलल्यासारखी वाटली. मी ‘फळी किंचित वरून पाहिल्यासारखी’ एवढे शब्द वाढवले आणि ती बसली.

लेबलचा झाकलेला भाग साधनालाच भरून द्यायला का सांगू नये?

कारण ते अक्षरं वाचून लिहीत नाही, अक्षरांसारखं दिसणारं काहीतरी रंगवतं. देवनागरीत हे फार लवकर उघडं पडतं. अनुस्वार गळतो, वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षराचं तिसरंच काही होतं. आकड्यांचं त्याहून वाईट, कारण चुकीचा आकडाही बरोबर आकड्यासारखाच स्वच्छ दिसतो. खाद्यपदार्थाच्या लेबलवर वजन असतं, तारीख असते, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असतो, चौकोनातलं शाकाहारी चिन्ह असतं. यातलं काहीही अंदाजाने भरलं तर आपण खोटं लेबल छापल्यासारखंच झालं.

म्हणून मी झाकलेला भाग कोरा ठेवायला सांगते आणि खरा तुकडा नंतर लावते. तो तुकडा मिळवायला काकूंकडून त्याच खिडकीत, त्याच कोनातून बरणीचा दुसरा फोटो मागवला, या वेळी बरणी मागून धरलेली. त्यातून लेबलचा तेवढा कोपरा कापून पहिल्या फोटोवर ठेवला. फोटोवर फोटो ठेवता येणाऱ्या कुठल्याही फोनच्या ॲपमध्ये हे जमतं. लेबलच्या छपाईची फाईल हाताशी असली तरी तिचा मोह धरू नका. ती सपाट असते, बरणी गोल. सपाट तुकडा गोल बरणीवर चिकटवला की लगेच ओळखू येतो. फोटोतल्या तुकड्याला तो गोलवा आधीच असतो.

“लेबलवरची अक्षरं बदलू नका” असं लिहूनही ती बदलली. असं कसं?

माझ्याही बाबतीत झालं. दुसऱ्या फेरीनंतर ‘लोणचं’वरचा अनुस्वार गेला आणि ‘लोणच’ उरलं. अंगठा तिथून दोन बोटं लांब होता! कारण वर सांगितलं तेच. सगळं चित्र नव्याने रंगवलं जातं, आणि ‘बदलू नका’ ही विनंती असते, कुलूप नसतं. ती लिहिल्याने बदल खूप कमी होतात म्हणून ती लिहायचीच, पण तिच्यावर विसंबायचं नाही. शेवटी मी फक्त कोपरा न लावता अख्खं लेबल काकूंच्या त्या दुसऱ्या फोटोतून आणून बसवलं. आता जिथे जिथे मजकूर असतो तिथे तेच करते.

हाताने भाग रंगवून निवडायची साधनं जास्त बरी का?

मजकूर असलेल्या वस्तूंना, हो. फोटोवर बोट फिरवून भाग निवडायचा आणि तेवढाच बदलायचा, अशा साधनांत निवडीबाहेरचं सगळं जागच्या जागी राहतं. गूगल फोटोजमधलं मॅजिक इरेझर किंवा फोटोशॉपमधलं जनरेटिव्ह फिल याच जातीचं.

पण तिथे दोन चुका होतात. पहिली, लोक फक्त हात निवडतात आणि सावली सोडतात. हाताची फळीवर किंवा भिंतीवर पडलेली सावली राहिली की साधन विचारात पडतं की ही कशाची, आणि त्या सावलीला शोभेल अशी एखादी नवी वस्तू तिथे आणून ठेवतं. कुणाला हाताच्या जागी दुसराच हात मिळतो, तो यामुळेच. हात, त्याची सावली, त्याचं प्रतिबिंब, सगळं निवडीत घ्या आणि कडेला थोडी जास्त जागा सोडा.

दुसरी चूक म्हणजे मजकुराच्या चौकटीत ‘हात नको’ लिहिणं. अशा बऱ्याच साधनांत त्या चौकटीचा अर्थ ‘इथे काय दिसायला हवं’ असा असतो. तुम्ही ‘हात’ हा शब्द लिहिलात की हातच येण्याची शक्यता वाढते. फोटोशॉपमध्ये काढून टाकायचं असेल तर चौकट रिकामी ठेवतात. लिहायचंच असेल तर ‘साधी राखाडी भिंत’ लिहा.

पसारा काढायला सूचना, हात काढायला निवड, असं मिसळूनही चालतं. मला तर तेच जास्त आवडतं.

सूचना मराठीत लिहिली तर चालते का?

मोठ्या साधनांना चालते, वरच्या दोन्ही सूचना मी मराठीतच दिल्या होत्या. घरगुती शब्दांची मात्र काळजी घ्या. ‘ओटा’, ‘चिनी मातीची बरणी’, ‘पाट’, ‘फडताळ’ या शब्दांनी आपल्याला चित्र दिसतं तसं साधनाला दिसेलच असं नाही. शब्दासोबत वस्तूचं रूप सांगा: ‘पाट, म्हणजे बुटकी लाकडी बैठक’. तरीही गडबड झाली तर तेवढा एक शब्द इंग्रजीत टाका. बाकीची सूचना मराठीत राहिली तरी काही बिघडत नाही.

पितळेच्या किंवा स्टीलच्या वस्तूंचं काय?

ही सगळ्यात अवघड जात. पितळेच्या तांब्याचा फोटो होता. हात काढला, सगळं स्वच्छ दिसत होतं, तरी काहीतरी खटकत होतं. मोठं करून पाहिलं तर तांब्याच्या पोटावर बोटांचं प्रतिबिंब तसंच होतं, चार तपकिरी पट्टे, आणि त्यांच्या खाली फोटो काढणाऱ्या ताईंच्या गुलाबी ओढणीचा डाग. हात नाही, पण हाताचं प्रतिबिंब आहे. बघणाऱ्याला कारण कळत नाही, फक्त फोटो खोटा वाटतो.

तिथे वेगळं वाक्य लागतं: ‘तांब्याच्या पोटावर उजवीकडे दिसणारं बोटांचं आणि गुलाबी कापडाचं प्रतिबिंबही काढा, तिथे शेजारच्या भागासारखीच पितळेची चमक ठेवा.’ ‘शेजारच्या भागासारखीच’ हे शब्द मोलाचे आहेत. ते नसले की साधन तांब्या दुकानातल्या नव्या सोन्यासारखा झळाळून टाकतं, ठोक्याच्या खुणा पुसतं, आणि हाताने ठोकलेली वस्तू साच्यातली दिसायला लागते. त्या खुणांचेच तर पैसे असतात.

झालेला फोटो बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

मूळ आणि नवा फोटो गॅलरीत लागोपाठ ठेवा आणि बोटाने झटपट पुढे-मागे करा. जे बदललं आहे ते उडी मारल्यासारखं डोळ्यांत भरतं. बरणी बारीक झाली, झाकणाच्या कडेच्या खाचा कमी झाल्या, रंग गडद झाला, सगळं या एका युक्तीने कळतं. शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर यातलं अर्धंही दिसत नाही.

मग मोठं करून तीन जागा पाहा. बरणीची डावी आणि उजवी कड: दोन्हीकडची काचेची जाडी सारखी हवी, हात होता ती बाजू बहुतेक पातळ होते. लेबल: एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्याने वाचा, नजर फिरवून चालत नाही. सावली: उजेड डावीकडून असेल तर सावली उजवीकडे, आणि बुडाशी गडद, लांब जाताना फिकट. बुडाशी सावली नसेल तर वस्तू तरंगते, मग बाकी कितीही छान असो.

फोटो काढतानाच काय केलं तर हे काम कमी होईल?

मजकूर झाकू नका, एवढं एक केलंत तरी निम्मं काम वाचतं. वस्तू धरावीच लागली तर बुडाशी दोन बोटांत धरा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो वस्तूच्या कडाही धूसर करतो, आणि मग साधनाला वस्तू कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो ते उमगत नाही. आणि मला फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि लेबलची अक्षरं तिथेच चुरगळतात.

वस्तू अजून घरात असेल आणि मजकूर पूर्ण झाकला गेला असेल तर सूचना लिहीत बसण्यापेक्षा बरणी खिडकीत पाटावर ठेवून पुन्हा फोटो काढा. मी तेच सांगते, काम माझं कमी झालं तरी.

हात काढताना बाकीचंही थोडं सुधारून घेतलं तर?

भिंत, फळी, उजेडाची थोडी वाढ, इथपर्यंत ठीक. फोडी जास्त, पाक दाट, झाकणावरची पोचा पडलेली जागा गुळगुळीत, हे नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांमध्येही वस्तूचं चित्र प्रत्यक्ष वस्तूशी जुळायला हवं असाच रोख आहे. बरणी हातात पडल्यावर गिऱ्हाईक फोटो उघडून ताडून पाहतं, हे काकूंनाच जास्त ठाऊक आहे.

ॲमेझॉनवर टाकायचा फोटो असेल तर सूचना बदलावी लागते का?

हो. तिथल्या मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा निदान ८५ टक्के भाग व्यापायला हवा. म्हणून फळी आणि भिंतीची वाक्यं काढून ‘पूर्ण पांढरी पार्श्वभूमी, बुडाखाली अगदी हलकी सावली’ लिहा. साधनाने दिलेला पांढरा बरेचदा किंचित राखाडी किंवा पिवळट असतो. रंग मोजणाऱ्या ॲपमध्ये कोपऱ्यावर बोट ठेवून लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे २५५ येतात का ते पाहून घ्या.

हात सगळ्याच फोटोंतून काढायचा का?

नाही. हाताने वस्तूचा आकार कळतो. काकूंची बरणी हाताशिवाय पाहिली तर ती पाव किलोची की किलोची हे सांगता येत नाही, आणि दोन जणांनी “एवढीच का?” असं विचारलंही. आता त्यांच्या यादीत पहिला फोटो हाताशिवायचा असतो आणि दुसरा तोच जुना, पसारा काढलेला पण हात ठेवलेला, हिरव्या बांगड्यांसकट. पहिल्या सूचनेनंतरचा फोटो जपून ठेवला होता, तोच तिथे कामी आला.